दर पटला, तारीख ठरली, अ‍ॅडव्हान्सचं बोलणं राहिलं: आता कसं मागायचं?

प्रश्न: मी एकटीच वेबसाइट डिझाइनची कामं घेते. ओळखीतून एक नवीन क्लायंट आलाय. काम साधारण सहा आठवड्यांचं आहे, दर पटलाय, ‘सोमवारी सुरू करा’ म्हणतात. अ‍ॅडव्हान्सचं मात्र बोलणंच झालं नाही. आता मागितला तर ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं त्यांना वाटेल. किती मागू आणि कसा मागू?

उत्तर:

आजच मागा, आणि रक्कम सुरुवातीच्या तारखेला जोडून मागा. फक्त पैशांचा वेगळा मेसेज मात्र पाठवू नका.

अ‍ॅडव्हान्स मागितला म्हणून क्लायंट सहसा दुखावत नाही. त्याला खटकते ती मागण्याची वेळ. पहिल्याच कोटेशनमध्ये ‘सुरुवातीला अमुक टक्के’ असं लिहिलेलं असलं की ती तुमची कामाची पद्धत वाटते, कारण तेव्हा तुम्ही त्या माणसाला ओळखतही नसता. तीच ओळ सगळं ठरल्यावर, सुरुवातीच्या आदल्या दिवशी आली की तो विचार करतो, ‘मध्येच हे काय? माझ्याबद्दल कोणी काही सांगितलं की काय?’ तुमचं थोडं उशिरा होतंय, पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही. काम सुरू झालेलं नाही आणि लेखी काहीच गेलेलं नाही. दर तोंडी ठरलाय, तर आता कामाचा तपशील लिहून पाठवणं ओघानेच येतं. अ‍ॅडव्हान्सची जागा त्याच कागदात, कामाची यादी आणि तारखा यांच्या शेजारी.

आधी किती मागायचा ते बघू, कारण आकडा कुठून आला हे स्वतःला माहीत असेल तर मागताना आवाज आपोआप स्थिर राहतो. ‘निम्मे आधी, निम्मे नंतर’ ही सर्रास चालणारी पद्धत आहे. तिच्यात अडचण ही की सुरुवातीला क्लायंटचे निम्मे पैसे काहीही हातात न येता अडकतात आणि शेवटी तुमची निम्मी मेहनत अडकते. पैसे रखडतात ते बहुतेक शेवटच्या हप्त्यातच. काम हातात आलं की समोरच्याची घाई संपते. म्हणून मी उलट्या बाजूने हिशेब करतो: क्लायंटला दाखवण्यासारखं पहिलं काही तयार होईपर्यंत माझे किती तास गेलेले असतील?

तुमच्या कामाचे एकूण १२० तास धरू. पहिले आराखडे, म्हणजे मुख्य पान, आतली दोन पानं आणि मजकुराची मांडणी, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दाखवता येतील. तोपर्यंत समजा ४५ तास जातील. ते एकूण कामाच्या ३७ ते ३८ टक्के झाले, म्हणून अ‍ॅडव्हान्स ४० टक्के. आराखडे पसंत पडले की ३० टक्के, आणि साइट सुरू करण्याआधी उरलेले ३० टक्के. आता दोन्ही बाजूंनी बघा. क्लायंटचे जास्तीत जास्त ४० टक्के पैसे कामाच्या पुढे असतात, तेही पहिल्या दोन आठवड्यांत. तुमचे जास्तीत जास्त ३० टक्के, म्हणजे ३६ तास, उधारीवर असतात, तेही अगदी शेवटी. त्या वेळी साइटचा ताबा अजून तुमच्याकडेच असतो. ‘निम्मे-निम्मे’मध्ये दोघांचाही धोका यापेक्षा मोठा आहे. क्लायंटने ‘४० टक्केच का?’ विचारलं तर हेच सांगायचं: ‘पहिले आराखडे तयार होईपर्यंत साधारण तेवढं काम झालेलं असतं.’ एवढं उत्तर पुरतं, लांबण लावू नका.

विकत घ्यायच्या गोष्टी, म्हणजे फोटोंचे परवाने, फॉन्ट, होस्टिंग, या हिशेबात धरू नका. त्या क्लायंटला त्याच्याच खात्यातून, त्याच्याच नावावर घेऊ द्या. तुमच्या खिशातून काही जात नाही, आणि पुढे ‘हे कोणाच्या मालकीचं?’ हा वादही उरत नाही.

दुसऱ्या टप्प्यात एक फट असते, ती आधीच बुजवा. ‘पसंती मिळाल्यावर ३० टक्के’ एवढंच लिहिलं आणि पसंती कळवायला क्लायंटला तीन आठवडे लागले, तर काम आणि पैसे दोन्ही लोंबकळतात. म्हणून ‘पसंती कळवल्यावर, किंवा आराखडे दाखवल्यापासून १० दिवसांनी, यांपैकी जे आधी होईल तेव्हा’ असं लिहा. बदल सुचवायचे असतील तर ते त्याच १० दिवसांत सुचवायचे, हेही त्याच ओळीत येऊ द्या.

आता मागणं. लेखी जाण्याआधी एक फोन करा. तोंडी बोलताना पैशांच्या टप्प्यांचा विषय निघालाच नव्हता आणि एकदम इनव्हॉइस येऊन पडलं, तर ते अंगावर आल्यासारखं वाटतं. फोनवर एवढंच बोला: ‘कामाचा तपशील आणि तारखा आज लिहून पाठवते. रक्कम तीन टप्प्यांत आहे, सुरुवात ४० टक्क्यांनी होते. पहिल्या टप्प्याचं इनव्हॉइस सोबतच जोडते, चालेल ना?’ आणि इथे थांबा. पलीकडे दोन-तीन सेकंद शांतता असेल. त्या शांततेत भिडस्त माणूस बोलायला लागतो: ‘म्हणजे तसं काही नाही हं, तुम्हाला जमेल तसं, २० दिले तरी चालतील...’ समोरच्याने अजून तोंड उघडलेलं नसतं आणि आपण आपला आकडा निम्म्यावर आणलेला असतो. तो माणूस बऱ्याचदा फक्त आठवत असतो की पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे.

फोननंतर ईमेल. मजकूर साधारण असा:

> नमस्कार,
>
> बोलल्याप्रमाणे कामाची यादी आणि तारखा सोबत जोडल्या आहेत.
>
> सोमवारी सुरुवात करून त्याच्या पुढच्या आठवड्यात शुक्रवारी पहिले आराखडे तुम्हाला दाखवेन: मुख्य पान, आतली दोन पानं आणि मजकुराची मांडणी. संपूर्ण साइट सहा आठवड्यांत तयार होईल.
>
> रक्कम तीन टप्प्यांत आहे: सुरुवातीला ४० टक्के, आराखड्यांना पसंती कळवल्यावर किंवा ते दाखवल्यापासून १० दिवसांनी, यांपैकी जे आधी होईल तेव्हा ३० टक्के, आणि साइट सुरू करण्याआधी ३० टक्के. आराखड्यांत बदल सुचवायचे असल्यास ते त्याच १० दिवसांत कळवावेत. पहिल्या टप्प्याचं इनव्हॉइस सोबत आहे. ती रक्कम जमा झाली की हे सहा आठवडे तुमच्या कामासाठी पक्के होतात. येत्या शुक्रवारपर्यंत जमा झाल्यास वरच्या तारखा तशाच राहतील.
>
> काम काही कारणाने मध्येच थांबवावं लागलं, तर तोपर्यंत झालेल्या कामाचे पैसे तासांप्रमाणे वजा करून उरलेली रक्कम मी सात दिवसांत परत करेन.
>
> यादीत काही बदल हवा असल्यास कळवा.

यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्यांना काय आणि कधी मिळणार ते येतं, मग पैसे, आणि पैशांच्या लगेच मागे पुन्हा तारीख. ‘पैसे द्या, नाहीतर काम नाही’ आणि ‘रक्कम जमा झाली की तारीख पक्की’ या दोन वाक्यांचा व्यवहारातला अर्थ जवळजवळ एकच आहे. पण पहिल्यात तुम्ही त्यांच्याकडे रोखून बघताय, दुसऱ्यात दोघंही कॅलेंडरकडे बघताय. आणि ते खरंही आहे. त्या सहा आठवड्यांसाठी तुम्ही दुसरं काम नाकारणार आहात.

या मजकुरात काय नाही तेही बघा. ‘कृपया गैरसमज करून घेऊ नका’ नाही. हे वाक्य वाचेपर्यंत गैरसमज झालेलाच नसतो, वाचल्यावर माणूस तो शोधायला लागतो. ‘आधी काही वाईट अनुभव आलेत म्हणून’ हेही नाही, कारण दुसऱ्या कोणी पैसे बुडवले त्याचा हिशेब या माणसाने का द्यावा? ‘विश्वास’ हा शब्द तर कुठेच नाही. ‘तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, पण...’ अशी सुरुवात केलीत की ‘पण’च्या पुढचंच ऐकू जातं.

‘माझा सगळ्यांसाठी हाच नियम आहे’ हे वाक्य वापरायला सोपं, पण खरं असेल तरच वापरा. तुमचे जुने क्लायंट महिनाअखेरीला पैसे देत असतील आणि हा नवा माणूस त्यांच्यापैकीच एकाच्या ओळखीतून आला असेल, तर त्याला ते कधीतरी कळणारच. तेव्हा सरळ सांगा: ‘पहिल्या कामाला टप्प्यांनी घेते. पुढच्या कामांना महिनाअखेरचं इनव्हॉइस चालतं.’ यात अपमान वाटण्यासारखं काही नाही, उलट पुढची वाट त्याला दिसते. आणि ज्याने ओळख करून दिली त्याला पैशांच्या बोलण्यात मध्ये घालू नका. ‘तू जरा त्यांच्या कानावर घाल’ म्हटलं की साधी व्यवहाराची गोष्ट तक्रारीसारखी पोहोचते, आणि मधल्याची उगीच पंचाईत होते.

पैसे परत करण्याचं वाक्य ऐच्छिक समजू नका. अविश्वासाची बोच सगळ्यात जास्त त्यानेच निघते, असा माझा अनुभव आहे. नवीन क्लायंटच्या मनात भीती कशाची असते? पैसे घेऊन ही व्यक्ती गायब झाली तर? तुम्ही त्याला ओळखत नाही तसा तोही तुम्हाला ओळखत नाही, आणि धोका आधी तो पत्करतोय. ‘अ‍ॅडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ अशी ठळक ओळ काही जण टाकतात. ती वाचून चांगला क्लायंट बिचकतो, आणि अनेक ठिकाणी, काम झालेलंच नसताना, अशी अट वादात टिकेलच असं नाही. झालेल्या कामाएवढी रक्कम ठेवून बाकी परत, ही भाषा दोघांना मानवते. ‘झालेलं काम’ कसं मोजणार तेही लिहा, तासांवर किंवा टप्प्यांवर. नाहीतर भांडण तिथे होतं. तुम्ही स्वतःच काम सोडलंत आणि अर्धवट काम त्यांच्या उपयोगाचं नसेल, तर पूर्ण रक्कम परत करायची तयारी ठेवा आणि तसं लिहा.

इनव्हॉइसमध्ये एक बारीकशी गोष्ट बऱ्याच जणांचं घोडं अडवते. इनव्हॉइस बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये देय तारीख बहुतेक वेळा आपोआप भरली जाते, कधी १५ दिवसांनंतरची, कधी ३०. तुम्ही ईमेलमध्ये लिहिता ‘शुक्रवारपर्यंत’, आणि इनव्हॉइसवर तारीख असते पुढच्या महिन्याची. क्लायंटचा हिशेब बघणारा माणूस ईमेल वाचत नाही, तो इनव्हॉइस वाचतो आणि ते ३० दिवसांच्या गठ्ठ्यात टाकतो. मग सोमवार उजाडतो, पैसे आलेले नसतात, आणि तुम्हाला वाटतं हे टाळताहेत. टाळत कोणीच नसतं. ती तारीख हाताने बदला. तपशिलाच्या रकान्यातही नुसतं ‘अ‍ॅडव्हान्स’ लिहू नका, ‘टप्पा १: मुख्य पान व दोन पानांचे आराखडे, मजकुराची मांडणी’ असं लिहा. कशाचे पैसे हे कळलं की मंजुरी लवकर मिळते. आगाऊ रकमेवर कर कधी भरायचा आणि आधी प्रोफॉर्मा, म्हणजे पक्क्या इनव्हॉइसआधीचं कच्चं बिल, द्यायचं की थेट इनव्हॉइस, हे देशोदेशी वेगळं असतं. तुमच्या हिशेबनीसाला एकदा विचारून कायमचं ठरवून टाका.

आता समोरून काय येऊ शकतं ते बघू. बहुतेक जण ‘ठीक आहे’ म्हणतात आणि खात्याचा तपशील मागतात. कोणी खरोखरच ‘विश्वास नाही का?’ असं विचारलं तर सफाई देत बसू नका. हसून म्हणा, ‘तसं नाही हो. हे सहा आठवडे मी दुसरं काम घेत नाहीये, त्या वेळेचं हे बुकिंग आहे. आणि तुम्हीही मला पहिल्यांदाच काम देताय, म्हणून काय कधी मिळणार आणि थांबलं तर पैसे कसे परत मिळणार, ते लिहून दिलंय.’ प्रश्न तुमच्या बाजूने सुटतो आणि त्यांच्याही.

‘आधी थोडं काम बघू, मग देऊ’ असं आलं तर त्यामागची शंका रास्त असू शकते. तुमचं काम त्यांनी नीट पाहिलेलंच नसेल. जुनी कामं दाखवा. तेवढ्यानं भागलं नाही तर पहिला टप्पाच छोटा करा: फक्त मुख्य पानाचा आराखडा, समजा १५ तास, एकूण रकमेच्या साधारण १२ टक्के. त्याचे पैसे आधी घ्या, आणि तो आवडला नाही तर तिथेच थांबायची मोकळीक त्यांना द्या. फुकट नमुना मात्र करू नका. फुकट नमुन्यात ‘अजून एक पर्याय दाखवा’ला शेवट नसतो.

‘आमच्या कंपनीत आगाऊ देण्याची पद्धत नाही’ हे मोठ्या संस्थांकडून येतं, आणि ते बहुतेक वेळा खरं असतं. समोरचा माणूस तुमच्या बाजूचा असतो, पण त्याच्या हातात काही नसतं. तिथे अडून बसण्यात अर्थ नाही. खरेदी आदेश लेखी घ्या, पुरवठादार म्हणून तुमची नोंदणी काम सुरू होण्याआधी पूर्ण करून घ्या, आणि पहिला टप्पा इतका लहान ठेवा की आठवडाभरात काहीतरी सुपूर्द करून इनव्हॉइस लावता येईल. पैसे महिन्याने येणार हे धरूनच चाला. तेवढा काळ तग धरता येत नसेल तर ते काम तुमच्या ऐपतीचं नाही, क्लायंट कितीही चांगला असो.

सगळ्यात अवघड उत्तर सगळ्यात गोड असतं: ‘हो हो, देतोच आहे, या आठवड्यात होऊन जाईल. तुम्ही सुरू तर करा!’ इथे नकारही नाही आणि पैसेही नाहीत. काम सुरू केलंत की सांगितलेला नियम तुम्हीच मोडता, आणि समोरच्याला कळतं की तुमच्या तारखा लवचिक आहेत. उत्तरात राग नको, तारीख द्या: ‘काही हरकत नाही. रक्कम बुधवारी आली तर गुरुवारी सुरुवात करते, आराखडे तेवढेच दिवस पुढे जातील.’ त्यांना खरंच घाई असेल तर पैसे येतात. एक आठवडा गेला, दुसरा गेला आणि ‘होऊन जाईल’च चाललं असेल, तर तिथे पाणी मुरतंय. शेवटच्या ३० टक्क्यांना यापेक्षा वेगळं काही होणार नाही.

या मधल्या दिवसांत हातावर हात ठेवून बसायचीही गरज नाही. त्यांच्याकडून काय लागेल त्याची यादी पाठवा: लोगोची मूळ फाइल, मजकूर, फोटो, डोमेन कोणाच्या नावावर आहे, निर्णय कोण घेणार. ते गोळा करायला त्यांना वेळ लागतोच, तुमचं फारसं काही खर्च होत नाही, आणि तुम्ही पैशांसाठी अडून बसलाय असं दिसत नाही.

पैसे ‘पाठवले’ आणि ‘जमा झाले’ यात फरक करा. स्क्रीनशॉटवर भागवू नका, स्वतःच्या खात्यात बघा. आणि नव्या क्लायंटच्या बाबतीत एक प्रकार माहीत असू द्या: अ‍ॅडव्हान्स मागितल्यापेक्षा बराच जास्त येतो, बहुतेक चेकने, आणि लगेच निरोप येतो की ‘चुकून जास्त गेले, फरक परत पाठवा’, किंवा ‘जादाचे पैसे अमक्या माणसाला द्या’. तुम्ही फरक पाठवता आणि काही दिवसांनी मूळ चेक वटत नाही. ही जुनी फसवणूक आहे. खात्यात रक्कम दिसली म्हणजे चेक अंतिमपणे वटलाच असं नाही. अशा वेळी बँकेकडून पक्कं झाल्याशिवाय एक पैसाही परत करू नका, आणि तिसऱ्याला तर मुळीच देऊ नका.

रक्कम जमा झाली की त्याच दिवशी पावती पाठवा, आणि पावतीच्याच ईमेलमध्ये सुरुवातीची तारीख, आराखडे दाखवायची तारीख आणि त्या भेटीची वेळ पुन्हा लिहा. पैसे देऊन बसलेल्या माणसाला पुढचे दोन दिवस जरा धाकधूक असते, त्यामुळे सोमवारी संध्याकाळपर्यंत काहीतरी त्याच्या नजरेस पडू द्या: पानांची यादी, मजकुराबद्दलचे दोन प्रश्न, काहीही चालेल.